10 गुंठे पॉलीहाऊस, 38 महिने: पेपर चार वर्षांआधीच गेला आणि हिशेब पुन्हा मांडला

जुन्नर भागात 10 गुंठ्यांचं नैसर्गिक हवेशीर पॉलीहाऊस उभारून परवा 38 महिने झाले. आत रंगीत ढोबळी. गेल्या महिन्यात वैशाखाच्या वाऱ्यात छताच्या गटरच्या बाजूने वरचा प्लास्टिकचा पेपर सरळ रेषेत फाटला. पुरवठादाराने चार वर्षं टिकेल असं सांगितलं होतं. त्यांचा माणूस आला, फोटो काढले आणि 'गंधक फवारलंय, गॅरंटी बसत नाही' म्हणून निघून गेला. बिलाच्या मागे बारीक अक्षरात ती अट खरोखरच होती. घेताना कोणी सांगितलं नव्हतं, याचा राग अजून गेलेला नाही.

पण फाटलेला तुकडा हातात घेतला तेव्हा एक गोष्ट कळली. जिथे पेपर पाइपला टेकतो तिथेच तो पिवळा आणि ठिसूळ झाला होता, पाइपांच्या मधला भाग अजून लवचिक होता. उन्हात तापलेला पाइप पेपर भाजतो. भुरीसाठी मारलेलं गंधक आणि क्लोरीनची औषधं पेपरमधलं उन्हापासून वाचवणारं द्रव्य निकामी करतात. दोन्ही एकाच जागी आलं की पेपर तिथूनच जातो. लक्षणं तिसऱ्या हंगामातच दिसत होती. झाडांची पेरं लांबली, फुलगळ वाढली, फळाची साल पातळ झाली. मी खत बदलत बसलो. खरं तर जुन्या, धुळीने माखलेल्या पेपरमधून उजेडच कमी येत होता.

आता पैशाचं. माल भरपूर निघतो, त्याबद्दल तक्रार नाही. वर्षाला सरासरी 9 टन, खुल्या रानात याच 10 गुंठ्यांत मला हिरवी ढोबळी अडीच टन मिळायची. सगळा खर्च जाऊन वर्षाला सरासरी 2.60 लाख उरले. उभारणी, लाल मातीचे बेड आणि ठिबक धरून 14 लाख गेले. अनुदानाचे 4.50 लाख दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आले.

प्रकल्प अहवालात 15 वर्षांचं उत्पन्न सरळ बेरीज करून लिहिलं होतं. मी बँकेच्या 12 टक्के व्याजाने प्रत्येक वर्षाची रक्कम उभारणीच्या दिवसाच्या किमतीवर आणली, पुढे तिलाच 'आजची किंमत' म्हटलंय. आयुष्य 10 वर्षं धरलं, कारण खांबांच्या बुडाशी खताच्या पाण्याने गंज आताच दिसतोय. पुढची वर्षं आजवरच्या सरासरीनेच धरली. 2.60 लाखांची 10 वर्षांची आजची किंमत 14.69 लाख होते. चौथ्या आणि आठव्या वर्षी पेपर बदलायचा, मजुरी आणि पेपर पकडणाऱ्या स्प्रिंगसकट दर वेळी 1.20 लाख, त्याची आजची किंमत 1.25 लाख. अनुदानाची आजची किंमत 3.59 लाख. 14 लाख वजा केले की 3.03 लाख हातात राहतात. हे पाहून मी गावात सगळ्यांना 'घाला पॉलीहाऊस' असं सांगत सुटलो होतो.

ते मी आता मागे घेतो. ही जमीन मोकळी पडली नसती. खुल्या ढोबळीतून वर्षाला 40 हजार सुटतच होते, ते वजा करायचे राहिले होते. मग पॉलीहाऊसमुळे वाढलेलं उत्पन्न 2.20 लाखच राहतं, आणि 10 वर्षांचा निव्वळ फायदा 77 हजारांवर येतो. अनुदान नसतं तर 2.82 लाखांचा तोटा होता.

आता याच हिशेबात पेपर चारऐवजी तीन वर्षांनी बदलून पाहा. तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या वर्षीच्या खर्चाची आजची किंमत 1.89 लाख होते. 77 हजारांचे 13 हजार उरतात, आणि तिसऱ्या वर्षी घटलेला उजेड सरासरीत आधीच धरलाय. 14 लाखांच्या उभारणीचा निकाल 1.20 लाखाचा पेपर लावतो, म्हणून मी त्याच्याबद्दल एवढं लिहितोय. आयुष्य 15 वर्षं असतं तरी शेवटच्या वर्षाचे 2.20 लाख आज 40 हजारांचेच आहेत. सुरुवातीच्या वर्षांत उजेड आणि माल टिकवणं जास्त मोलाचं.

नवा पेपर ताणण्याआधी पाइपांची वरची बाजू पांढऱ्या रंगाने रंगवून घेतली, म्हणजे ती कमी तापते. गंधक बंद केलं, भुरीला आता पोटॅशियम बायकार्बोनेट मारतो. दर पावसाळ्यानंतर पेपर धुवायचा. दर तीन महिन्यांनी दुपारी बाराला लक्स मीटरने आतला आणि बाहेरचा उजेड मोजून वहीत लिहायचा. पहिली नोंद बाहेरच्या 80 टक्के आहे. नोंद 65 टक्क्यांवर आली की पेपर बदलायला मजूर आधीच बोलावून ठेवणार.