केबलला हात लागला की टीव्ही लुकलुकतो: केबल बदलायची, पोर्ट बदलायचा की दुरुस्तीला द्यायचा?

एचडीएमआयच्या प्लगला अडकवणारी खिटी नसते. तो नुसत्या पकडीवर बसतो. भिंतीवरच्या टीव्हीमागे जाड, ताठ केबल खाली लोंबत असेल, तर तिचं सगळं वजन पोर्टवर येतं. मग केबलला हात लागला की चित्र जातं. पण तेवढ्यावरून पोर्टच गेला असं धरू नका. दोष केबलच्या टोकातही असू शकतो आणि तो कितीतरी स्वस्तात मिटतो.

समजा, सेट टॉप बॉक्स टीव्हीच्या पहिल्या पोर्टात आहे. आधी बॉक्सकडचं टोक बोटाने हलकं हलवा, मग टीव्हीकडचं. टीव्हीकडे हलवल्यावर चित्र गेलं, तर दोन्ही बंद करून केबल उलटी जोडा, म्हणजे टोकांची अदलाबदल करा. (दिशेची खूण असलेली केबल उलटी करू नये.) आता बॉक्सकडे हात लावल्यावर चित्र जात असेल, तर दोष केबलच्या त्या टोकासोबत गेला: नवी केबल घ्या. दोष टीव्हीकडेच राहिला, तर तीच केबल दुसऱ्या पोर्टात लावा आणि रिमोटने इनपुट बदला. तिथे चित्र स्थिर राहिलं, तर पहिला पोर्टच सैल आहे. टीव्हीचा स्वतःचा मेनूही लुकलुकत असेल, तर मात्र बिघाड बहुधा पॅनेल, बॅकलाइट किंवा वीजपुरवठ्यात आहे.

पोर्ट ठरला, की टीव्हीचा प्लग भिंतीतून काढून टॉर्चने आत पाहा. मधली पट्टी सरळ हवी, पिना वाकलेल्या नकोत. आत टाचणी किंवा चिमटा घालू नका. मग केबल जोडून हलकेच हलवा. प्लग थोडा हलतो आणि पोर्टची धातूची चौकट जागेवरच राहते, तर पकड सैल झाली आहे. चौकटच प्लगसोबत डुलत असेल, तर बोर्डावरचं सोल्डर सुटलं आहे.

खर्चाचा निर्णय या फरकावर ठरतो. पकड सैल असेल, तर दुसरा पोर्ट वापरा आणि केबल टीव्हीच्या मागे बांधून तिचं वजन काढा. दुरुस्तीची घाई नको. एकच अडचण: एचडीएमआयने जोडलेल्या साउंडबारला टीव्हीचा आवाज एआरसी लिहिलेल्या पोर्टातूनच मिळतो, त्यामुळे तोच सैल झाला असेल तर दुसऱ्याने भागत नाही. काटकोनी जोड मला फारसा पटत नाही, कारण त्याचंही वजन त्याच पोर्टवर पडतं.

चौकट डुलत असेल, तर तो पोर्ट वापरणं आजच थांबवा. प्रत्येक हिसक्याने बोर्डावरचे तांब्याचे ठिपके उखडत जातात. ते शाबूत असतील तर कारागीर पोर्ट पुन्हा सोल्डर करतो किंवा नवा बसवतो. ते उखडले, की अनेकदा आख्खा मेन बोर्डच बदलावा लागतो. म्हणून दुकानात आधीच विचारा, की ते सुटा पोर्ट बदलतात की थेट बोर्डच. वॉरंटी चालू असेल, तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा.