सळईवरचे कव्हर आणि आठ पानांची पीडीएफ : लिंक्डइनवरील डॉक्युमेंट पोस्टचा काही महिन्यांचा अनुभव

मी फोंड्यात राहतो आणि किनारपट्टीवरील आरसीसी इमारतींच्या संरचनात्मक तपासणीचे काम करतो. आमच्या व्यवसायात कामे ओळखीतून येतात, त्यामुळे लिंक्डइनकडे मी बराच काळ केवळ नोकरी शोधणाऱ्यांची जागा म्हणून पाहत होतो. गेल्या पावसाळ्यात तेथे डॉक्युमेंट पोस्ट वापरायला सुरुवात केली आणि आता बांधकामाचा पुढचा हंगाम अर्धा सरला असताना हा अनुभव लिहीत आहे. निष्कर्ष आधीच सांगतो: एका डॉक्युमेंटमध्ये एकच कल्पना असेल आणि ती वाचणाऱ्याच्या रोजच्या निर्णयाला भिडणारी असेल, तर हा प्रकार नेमकी माणसे गोळा करतो. कल्पना सैल असेल तर लोक बरेच येतात, पण ती माणसे आपल्या कामाची नसतात.

तांत्रिक बाजू सोपी आहे. पोस्ट लिहिताना फोटोऐवजी पीडीएफ जोडायची, तिला एक शीर्षक द्यायचे, आणि वाचणारा बोटाने एकेक पान सरकवत जातो. फाइल 100 एमबीपर्यंत आणि 300 पानांपर्यंत चालते, अर्थात तीनशे पाने कोणी पाहणार नाही हे वेगळे. लिंक्डइनने ‘कॅरोसेल’ नावाची स्वतंत्र सोय 2023 मध्ये काढून घेतली. त्यामुळे आज तेथे लोक ज्याला कॅरोसेल म्हणतात ती बहुतेक वेळा अशी पीडीएफच असते.

कल्पना निवडण्याचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. ‘किनाऱ्यावरील इमारती लवकर का खराब होतात’ या विषयावर एक डॉक्युमेंट केले होते आणि ‘कव्हर निम्मे झाले तर आयुष्य निम्मे होत नाही, चौथाई होते’ एवढ्यावरच दुसरे. कव्हर म्हणजे सळईच्या बाहेर असलेल्या काँक्रीटच्या थराची जाडी. पहिल्याखाली ‘छान माहिती’ अशा प्रतिक्रिया आल्या. दुसऱ्याखाली साइट इंजिनिअर, वास्तुविशारद आणि दोन कंत्राटदार यांच्यात वाद झाला. वादाला कारण होते, कारण दुसऱ्या विधानावर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येते आणि ज्याने कधी स्लॅबखाली कव्हर ब्लॉक लावून घेतले आहेत त्याला त्यावर काहीतरी म्हणायचेच असते.

ते आठ पानांचे डॉक्युमेंट कसे बांधले ते सांगतो. पहिल्या पानावर एका छज्ज्याच्या खालच्या बाजूचा फोटो होता: काँक्रीटचा पापुद्रा सुटलेला, सळई उघडी पडून गंजलेली. खाली एकच वाक्य होते, ‘नकाशात कव्हर 40 मिमी होते, येथे 20 आहे.’ इमारत ओळखू येणार नाही अशा बेताने फोटो कापला होता. अशिलाची इमारत जाहिरातीसारखी मांडणे मला योग्य वाटत नाही. पहिल्या पानावर नाव, पदवी, कंपनीचे चिन्ह यांपैकी काहीच ठेवले नाही, कारण सरकत्या बोटाला थांबवण्याचे काम त्या फोटोचे आणि त्या दोन आकड्यांचे होते.

दुसऱ्या पानावर काँक्रीटचा छेद काढला: बाहेर खारी हवा, आत सळई, आणि मिठाचा मारा दाखवणारे बाण. मीठ पुरेशा प्रमाणात सळईपर्यंत पोहोचले की तिच्यावरचे संरक्षक आवरण तुटते, गंज धरतो, आणि गंजाला मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा लागत असल्याने काँक्रीट आतून फुटते. तिसरे आणि चौथे पान एकाच मापाने काढले होते, म्हणजे पान सरकवताना डोळ्यांसमोर फक्त कव्हर वाढते आणि बाकी चित्र जागच्या जागी राहते. तिसऱ्या पानावर 20 मिमी आणि ‘एक पट वेळ’, चौथ्यावर 40 मिमी आणि ‘चार पट वेळ’. सरकवण्याच्या क्रियेचा उपयोग होतो तो येथे, आणि साध्या लेखात किंवा एकट्या चित्रात तो साधत नाही. जेथे दोन स्थितींमधील फरक हाच मुद्दा आहे, तेथेच हा प्रकार खरा शोभतो.

पाचव्या पानावर कारण दिले. मीठ जसजसे खोल जाते तसतसा त्याला पुढे ढकलणारा फरक मंदावतो, म्हणून गाठलेली खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. उलट बाजूने पाहिले तर लागणारा वेळ कव्हरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सहाव्या पानावर काँक्रीट बांधकामाच्या आयएस 456 : 2000 या भारतीय मानकातील आकडे होते. किनारी वातावरणातील उघडे काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात येते आणि त्याला 45 मिमी कव्हर लागते; काँक्रीटची प्रत एम 35 किंवा त्याहून वरची असेल तर त्यातून 5 मिमी कमी करता येतात. पहिल्या पानावरचे 40 तेथून आले होते. सातव्या पानावर हा हिशोब कोठे चालत नाही ते लिहिले: काँक्रीटला भेगा असतील, नीट ठोकले गेले नसेल, पाणी जास्त घातले असेल, किंवा मीठ वाळूतून अथवा पाण्यातून आधीच आत आले असेल, तर चौपटीचे गणित कोलमडते. आठव्यावर माझे नाव आणि एक प्रश्न होता: ‘तुमच्या साइटवर कव्हर कोणत्या सळईपर्यंत मोजतात?’

सातवे पान काढून टाकावे असा सल्ला एका मित्राने दिला होता, कारण मर्यादा सांगितल्याने जोर कमी होतो असे त्याचे म्हणणे. माझा अनुभव उलट आहे. जाणकार माणूस चौथ्या पानावर ‘असे सरसकट कसे म्हणता’ म्हणून कपाळाला आठी घालतो आणि सातव्या पानावर त्याची शंका आधीच नोंदलेली पाहतो. मग तो खोडून काढायला येत नाही, भर घालायला येतो. काँक्रीटच्या मिश्रणाचे काम करणाऱ्या एका बाईंनी फ्लाय ॲश किंवा स्लॅग घातल्यास मिठाचा वेग कसा मंदावतो हे तेथेच समजावून सांगितले, आणि ते पुढच्या डॉक्युमेंटचे बीज ठरले.

शेवटच्या प्रश्नाने सर्वांत जास्त काम केले. मानकानुसार कव्हर मुख्य सळयांना वेढणाऱ्या रिंगसह सर्व पोलादावर मोजायचे असते, पण अनेकांच्या उत्तरांवरून दिसले की साइटवर ते मुख्य सळईपर्यंत मोजले जाते. 8 मिमीची रिंग असेल तर 45 च्या जागी प्रत्यक्षात 37 मिमी उरतात. 37 चा वर्ग भागिले 45 चा वर्ग म्हणजे सुमारे 0.68, एका रिंगच्या जाडीपायी जवळपास एक तृतीयांश काळ गेला. हा हिशोब मी प्रतिक्रियेत लिहिला आणि त्यानंतर मडगावच्या एका वास्तुविशारदाने विचारले की मग घरातल्या खोलीच्या स्लॅबलाही 45 मिमी द्यायचे काय, कारण सव्वाशे मिमीच्या स्लॅबमध्ये ते फार होते. प्रश्न रास्त होता. खाऱ्या हवेपासून आडोसा असलेले काँक्रीट ‘मध्यम’ वर्गात धरता येते आणि तेथे 30 मिमी पुरतात. त्या वास्तुविशारदाकडून नंतर तपासणीचे काम आले, ते या एका उत्तरामुळे.

आता आकडेवारीकडे. पोस्ट किती वेळा दिसली हा आकडा सर्वांत वर असतो आणि सर्वांत कमी कामाचा असतो. त्याच पानावर खाली पाहणाऱ्यांची पदे, क्षेत्र, ठिकाण आणि ज्येष्ठता यांची विभागणी मिळते. मी ती आधी पाहतो. सैल विषयाच्या डॉक्युमेंटला विद्यार्थी आणि नोकरभरती करणारे वरच्या ओळींत होते. कव्हरच्या डॉक्युमेंटला ते खाली गेले आणि प्रकल्प व्यवस्थापक, स्थापत्य अभियंते, वास्तुविशारद वर आले, जरी एकूण पाहणारे कमी होते. दुसरी खूण म्हणजे किती जणांनी पोस्ट जपून ठेवली किंवा कोणाला पाठवली. वाचक कोणत्या पानावर थांबला हे मात्र समजत नाही, म्हणून मी प्रत्येक पानावर ठळक क्रमांक घालतो. लोक ‘पान 6 वरचा आकडा’ असे लिहितात आणि कोणते पान भिडले ते त्यावरून कळते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी अक्षरांबाबत एक सूचना. मी पान 1080 बाय 1350 पिक्सेलचे ठेवतो, कारण उभे पान फोनवर जास्त जागा घेते. तेच पान फोनवर साधारण तिप्पट लहान दिसते, म्हणून संगणकावर 24 चे दिसणारे अक्षर हातात 8 चे होते. मात्रा, रफार आणि जोडाक्षरे त्यात चिकटतात. मजकूर 44 च्या खाली न्यायचा नाही असे मी ठरवले आहे. तेवढ्यात वाक्य मावत नसेल तर ते वाक्य कापायचे. युनिकोड फाँट वापरून पीडीएफ आपल्याच संगणकावर तयार करावी. पीपीटी तशीच चढवल्यास फाँट बदलून जोडाक्षरे फुटण्याची शक्यता असते. चढवण्यापूर्वी ती फाइल एकदा स्वतःच्या फोनवर उघडून पाहावी.

त्रुटीही आहेत. पोस्टचा मजकूर नंतर सुधारता येतो, पण जोडलेली फाइल बदलता येत नाही. आकडा चुकला तर पूर्ण पोस्ट काढावी लागते आणि तिच्याखालची चर्चाही जाते. पीडीएफ कोणालाही उतरवून घेता येते, त्यामुळे तिची पाने व्हॉट्सॲपवर नावाविना फिरतात. मी आता प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत नाव आणि आयएस 456 चा उल्लेख ठेवतो. पान एकटे फिरले तरी आकडा कोठून आला ते सोबत जाते. शिवाय मुकादम आणि फिटर लिंक्डइनवर फारसे नाहीत. त्यांच्यापर्यंत सहावे पान पोहोचले ते साइट इंजिनिअरांनी पाठवल्यामुळे.

हीच पाने चित्रे म्हणून इन्स्टाग्रामवरही टाकून पाहिली. तेथे घरमालकांचे प्रश्न आले, बहुतेक गळतीचे, आणि पाहणाऱ्यांचे पद कळण्याची सोय नसल्याने कोण आले याचा अंदाज बांधता आला नाही. माझ्या कामासाठी ते माध्यम बाजूला ठेवले आहे.

वेळेचा प्रश्न गोव्यात वेगळा आहे. पाऊस ओसरला की ऑक्टोबरपासून भरणीची कामे जोरात सुरू होतात आणि कव्हर ब्लॉकची खरेदी त्याच्या थोडी आधी होते. एका डॉक्युमेंटची चित्रे, आकडे आणि फोनवरची तपासणी धरून माझ्या दोन संध्याकाळी जातात, म्हणून रिंगच्या जाडीचे डॉक्युमेंट मी ऑगस्टमध्ये तयार करून सप्टेंबरच्या शेवटी टाकणार आहे आणि फ्लाय ॲशचे त्यानंतर. गळतीवरचे डॉक्युमेंट मे महिन्यासाठी राखून ठेवले आहे, कारण जूनमध्ये ताडपत्री घातल्यावर त्या विषयावर निर्णय घेण्यासारखे कोणाच्याच हाती काही उरत नाही.