शेतातल्या खोलीवर कमानी छत की घुमट? आडव्या रेट्याचा हिशोब

खानदेशात मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही, आणि स्लॅबही रात्री उशिरापर्यंत उष्णता ओकत राहतो. त्यामुळे मळ्यात खोली बांधणारे काहीजण विटांच्या कमानी छताचा किंवा घुमटाचा विचार करतात. विटा जवळपास मिळतात आणि छतासाठी लोखंड फारसे लागत नाही, इथपर्यंत हिशोब सगळे करतात. पण निवड त्यावर ठरत नाही. छत बाजूला किती रेटा देते आणि तो तुमच्या भिंती व काळी माती सोसतील का, यावर ठरते.

वीट दाब उत्तम सोसते, ताण जवळजवळ नाहीच. म्हणून विटांचे छत वाकवून बांधायचे, म्हणजे प्रत्येक वीट शेजारच्या विटांमध्ये दाबली जाते. पण हा दाब भिंतीवर पोचतो तेव्हा तिरका असतो. त्याचा उभा भाग म्हणजे छताचे वजन, ते भिंत आरामात घेते. आडवा भाग भिंतीला बाहेर ढकलतो. हा रेटा छत उभे असेपर्यंत रात्रंदिवस चालू राहतो, सिमेंट कितीही चांगले असो.

आकडे घालून पाहू. खोली 3 मीटर रुंद, साडेचार मीटर लांब. छत अर्ध्या विटेचे, वर चुन्याचा थर, कधीतरी माणसे चढतील असे धरून चौरस मीटरला सुमारे 400 किलो. गाळा म्हणजे दोन भिंतींमधले अंतर, इथे 3 मीटर; उठाव म्हणजे कमान टेकते तिथपासून माथ्यापर्यंतची उंची. लांबीला एक मीटरचा पट्टा घेतला, तर रेटा म्हणजे हे वजन गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले उठावाची आठपट.

60 सेंटिमीटर उठावाचे चपटे छत घ्या. रेटा येतो 400 × 9 ÷ (8 × 0.6), म्हणजे भिंतीच्या दर मीटरला 750 किलो. उठाव निम्मा केला तर रेटा दुप्पट, दीड टन. "जरा चपटे ठेवा, बरे दिसेल" असे घरमालक म्हणतो, तेव्हा तो भिंतीवर हे ओझे टाकत असतो.

आता दीड विटेची, म्हणजे 35 सेंटिमीटर जाडीची आणि 2.4 मीटर उंचीची भिंत घ्या. 750 किलोचा रेटा तिच्या माथ्यावर लागतो. बाहेरच्या तळकडेभोवती ती उलटवणारा जोर म्हणजे रेटा गुणिले उंची, 1,800 किलो-मीटर. भिंतीचे स्वतःचे वजन आणि छताचा उभा भार मिळून तिला धरून ठेवणारा जोर जेमतेम 430. म्हणजे नुसत्या भिंतीच्या भरवशावर हे छत उभे राहूच शकत नाही. साधा तोल साधायलाच भिंत 80 सेंटिमीटरची लागेल, आणि सुरक्षित म्हणायला त्याहून बरीच जाड.

पण तोच रेटा लोखंडी सळईवर घेतला तर चित्र पालटते. दर मीटरला 12 मिलिमीटरची एक सळई, आरपार, दोन्ही टोकांना भक्कम पट्टी आणि नट. तिला बेताच्या ताणावर दीड टनाहून जास्त सोसते, आपल्याला हवेत 750 किलो. बोटाएवढ्या लोखंडाने अर्ध्या मीटरची भिंत वाचते. सळया नजरेसमोर नको असतील, तर कमान टेकते त्या पातळीवर आरसीसीचा पट्टा चहूबाजूंनी फिरवा. मात्र लांब भिंतीवरचा पट्टा दोन टोकांमध्ये बाहेर फुगू पाहतो, म्हणून साडेचार मीटरच्या खोलीत मला तरी पट्ट्यासोबत मध्ये एक-दोन सळया हव्याच वाटतात.

सळई अजिबात नको असेल तर उंच कमान. दीड मीटर उठाव ठेवला की छताची लांबी वाढून वजन वाढते, तरीही रेटा 400 किलोच्या आसपास उतरतो. इथे एक गोष्ट हातात असते: कमान उंचावरून सुरू करायची गरज नाही. जमिनीपासून 1.2 मीटरवर टेकवली तरी मधोमध 2.7 मीटर उंची मिळते, आणि रेटा तळापासून ज्या उंचीवर लागतो ती निम्मी होते. तेव्हा 60 सेंटिमीटरची भिंत उलटवणाऱ्या जोराच्या दीडपटीने टिकते. दगड जवळ असेल तर हा पर्याय वाईट नाही. किंमत एवढीच की भिंतीलगत उभे राहता येत नाही, तिथे कपाट नाही, खाट ठेवा.

आकाराचीही अट आहे. अर्धगोल कमान दिसायला सोपी, पण स्वतःच्या वजनाखाली उभे राहायला तिची जाडी त्रिज्येच्या दहा टक्क्यांहून थोडी जास्त लागते. म्हणजे दीड मीटर त्रिज्येला 16 सेंटिमीटर. अर्धी वीट साडेअकराचीच, म्हणून खांद्यांवर भराव घातल्याशिवाय ती तग धरत नाही. उलट दोन खिळ्यांना साखळी सैल टांगा, पडलेला बाक कागदावर उतरवून उलटा करा. त्या आकारात पातळ छतही दाबातच राहते.

घुमटाचे गणित वेगळे. 3 मीटर व्यासाचा, तोच 60 सेंटिमीटर उठावाचा घुमट घेतला, तर कडेला दर मीटरला रेटा साधारण 365 किलो, चपट्या कमानीच्या निम्मा. कारण तो चहूबाजूंना वाटला जातो. शिवाय त्याला बुडाशी फक्त एक लोखंडी कडे लागते. कड्यातला ताण म्हणजे रेटा गुणिले त्रिज्या, जेमतेम 550 किलो, एका 10 मिलिमीटरच्या सळईचे काम. साचाही फारसा लागत नाही. मध्यबिंदूला दोरी बांधून वीट मापत जायचे, पूर्ण झालेला प्रत्येक थर स्वतःच उभा राहतो.

मग सगळे घुमटच का बांधत नाहीत? कारण खोली चौरस हवी, आणि चार कोपऱ्यांत तिरप्या कमानी टाकून चौकोनाचा गोल करावा लागतो. थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरींवरचे घुमट बघताना त्या कोपऱ्यांकडे लक्ष द्या, अवघड काम तिथेच आहे. असे काम येणारा गवंडी आधी शोधा, मग नकाशा काढा. अर्धगोल घुमटात आणखी एक खोच आहे: माथ्यापासून सुमारे 52 अंशांखाली वर्तुळाच्या दिशेने ताण सुरू होतो. तिथे कडे नसेल तर उभ्या चिरा पडतात. जुन्या घुमटांना त्या बहुधा असतातच.

आता माती. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर भिंती थोड्या फाकतात. कमान अशा वेळी लगेच पडत नाही. माथ्यावर खालच्या बाजूने, खोलीच्या लांबीला धरून एक चीर उघडते, आणि दोन्ही टेकूंजवळ वरच्या बाजूने. चिरेपाशी कमान बिजागरीसारखी वळू शकते, आणि या तीन बिजागऱ्यांवर ती उभी राहते. चौथी तयार झाली की मात्र छत खाली येते. त्यामुळे छताला खालून मधोमध लांब चीर दिसली तर आधी लिंपू नका, भिंतीला ओळंबा लावा. भिंत बाहेर झुकली असेल तर दुखणे छतात नाही.

माझे मत: लांबट खोली आणि काळी जमीन असेल तर पाया मुरमापर्यंत नेऊन चपटी कमान, सळया आणि पट्टा. चौरस एकच खोली असेल, देवघर किंवा पंपघर, आणि गवंडी जाणता असेल तर घुमट. उंच कमान दगड हाताशी असेल तरच. आणि कमान कुठलीही घ्या, साचा काढण्याआधी सळयांचे नट आवळलेले हवेत. रेटा साचा निघाल्याच क्षणी सुरू होतो.