परदेशातून गावची बँक: घरच्या लाइनवरून जाणारा व्हीपीएन, काही महिन्यांच्या वापरानंतर

मी म्युनिकला राहतो आणि माझं एनआरओ खातं नाशिकच्या एका सहकारी बँकेत आहे. घरभाडं तिथे जमा होतं, आईच्या औषधांचे आणि सोसायटीचे पैसे तिथूनच जातात. बँकेची नेटबँकिंगची साइट मात्र भारताबाहेरून उघडत नाही. शाखेत विचारलं तेव्हा कळलं, की बाहेरून होणारे हल्ले टाळायला त्यांनी परदेशी आयपी पत्ते सरसकट बंद केले आहेत, पण खातेदार भारतातल्या स्वतःच्या घरच्या इंटरनेटवरून आला तर त्यांची हरकत नाही. हे मी ईमेलवर लिहून घेतलं. असं काही करणाऱ्या प्रत्येकाने ते आधी करावं, कारण काही बँकांच्या अटींत व्हीपीएन चालत नाही, आणि खातं गोठवलं गेलं तर परदेशात बसून ते सोडवणं फार जिकिरीचं होतं.

सध्या माझी सोय अशी आहे: नाशिकच्या घरी राउटरला जोडलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्यावर टेलस्केल हे व्हीपीएन सॉफ्टवेअर, आणि बँकेपुरतं माझ्या लॅपटॉपचं सगळं ट्रॅफिक त्या पायमधून. ती उत्तम चालते. पण तिथवर येताना जे समजलं ते जास्त कामाचं आहे. दारं दोन असतात. एक देश तपासतं, दुसरं पत्त्याची पत तपासतं. नेमकं कुठलं दार बंद आहे हे न कळता व्हीपीएन बदलत बसलं तर पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

देशाचं दार ओळखणं त्या मानाने सोपं. साइट उघडेना झाली की मी आधी आईला फोन करून तिच्या मोबाइल डेटावर तीच साइट उघडायला सांगतो. तिच्याकडे उघडली तर साइट चालू आहे. मग इकडून हे चालवतो:

```
curl -v -o /dev/null https://बँकेचा-पत्ता/
```

`Trying` असं येऊन तिथेच बराच वेळ थांबलं आणि शेवटी `timed out` आलं, तर बहुधा फायरवॉल आपली पाकिटं उत्तर न देता टाकून देतेय. माझ्या बँकेचं तसंच आहे. लगेच `403` आलं, तर जोडणी झाली आहे, पण पुढच्या सुरक्षा यंत्रणेने नकार दिलाय. बँक क्लाउडफ्लेअरच्या मागे असेल तर नकाराच्या पानावर आकडाही दिसतो: `1009` म्हणजे देश बंद, `1005` म्हणजे ते अख्खं नेटवर्क बंद, `1006` म्हणजे तो एकच पत्ता बंद. हा आकडा दिसला तर निम्मं काम झालं. एक लक्षात ठेवा, ब्राउझरला आत घेणाऱ्या काही साइट `curl` ला बॉट समजून `403` देतात. म्हणून `403` आलं की तीच साइट ब्राउझरमध्येही उघडून बघा.

आधी पैसे भरून एक नावाजलेली व्हीपीएन सेवा घेतली होती. तिच्या यादीत मुंबई होतं. जोडलं की पत्ता भारताचा दिसायचा, पण बँकेची साइट कधी उघडायची, कधी नाही. मग त्या मुंबईच्या सर्व्हरला पिंग करून पाहिलं, तर उत्तर वीस मिलिसेकंदांच्या आत. काचेच्या तारेतून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो आणि म्युनिक ते मुंबई सहा हजार किलोमीटरहून जास्त आहे. म्हणजे जाऊन-येऊन साठ मिलिसेकंदांच्या खाली उत्तर येणं शक्यच नाही. तो सर्व्हर युरोपात होता, भारत फक्त नावाला.

यामागे एक कारण आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार भारतातल्या व्हीपीएन सेवांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवणं बंधनकारक झालं. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. भारतीय पत्ता देणाऱ्या अनेक सेवांचे सर्व्हर आता दुसऱ्या देशांत असतात. पत्त्याचा देश हा शेवटी एका डेटाबेसमधला रकाना असतो आणि नेटवर्कचा मालक आपले पत्ते कुठल्या देशाचे ते स्वतः जाहीर करू शकतो. एक डेटाबेस ते मानतो, दुसरा मोजमाप करून वेगळा देश लावतो. बँक कुठला डेटाबेस वापरते आणि तो कधी ताजा होतो हे आपल्याला कळत नाही. साइट कधी उघडते, कधी नाही, याचा उलगडा बहुतेक वेळा इथेच होतो.

म्हणून नंतर मुंबईच्या डेटा सेंटरमधला एक छोटा क्लाउड सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर वायरगार्ड हा व्हीपीएन प्रोग्राम बसवला. हा सर्व्हर खरोखर मुंबईत होता आणि पाहिलेल्या सगळ्या डेटाबेसमध्ये देश भारतच होता. बँकेचं पहिलं पान झटकन उघडलं. युजर आयडी आणि पासवर्ड टाकला, की `Access Denied`. दुसरं दार म्हणतो ते हेच. कारण इथे दिसलं:

```
curl -s https://ipinfo.io/json
```

उत्तरात `country` समोर `IN` होतं, म्हणजे ते ठीक. पण `org` समोर क्लाउड कंपनीचा एएस क्रमांक, म्हणजे तिच्या नेटवर्कचा नंबर, आणि नाव. बँकेच्या बाजूने पाहिलं तर सामान्य खातेदार घरच्या ब्रॉडबँडवरून किंवा मोबाइलवरून येतो, तो डेटा सेंटरमधून कशाला येईल? तिथून येतात ते बहुतेक पासवर्ड चाचपणारे प्रोग्राम. त्यामुळे लॉगिनच्या टप्प्यावर अशी नेटवर्क अडवणं मला चुकीचं वाटत नाही. माझेही पैसे त्याच बँकेत आहेत.

त्यानंतर घरचीच लाइन वापरायचं ठरवलं. सुट्टीत नाशिकला गेलो तेव्हा राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता पाहिला. तो `100.64` ते `100.127` यांच्यात असेल तर आपला ब्रॉडबँडवाला एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटतोय असं समजावं. मग पोर्ट उघडून साधं वायरगार्ड चालत नाही. आमचं तसंच निघालं, म्हणून टेलस्केल घेतलं, कारण त्यात पाय स्वतः आतून बाहेर जोडणी करतो. पायवर आयपी फॉरवर्डिंग चालू करून एवढंच करायचं:

```
sudo tailscale set --advertise-exit-node
```

मग टेलस्केलच्या वेबपानावर त्या एक्झिट नोडला, म्हणजे ट्रॅफिक बाहेर सोडणाऱ्या पायला, मंजुरी द्यायची आणि लॅपटॉपवर तो निवडायचा. आता `org` समोर आमच्या ब्रॉडबँडवाल्याचं नाव येतं आणि लॉगिन नीट होतं. पानं जरा सावकाश उघडतात, पण बँकेच्या कामाला त्याने काही अडत नाही.

काही महिन्यांनी एक दिवस तीच साइट घरच्या पत्त्यावरूनही लॉगिनला नकार द्यायला लागली. देश बरोबर, नेटवर्क बरोबर. तो पत्ता abuseipdb.com वर टाकला तेव्हा खुलासा झाला. तिथे शून्य ते शंभर असा गुण मिळतो, जितका जास्त तितकी त्या पत्त्यावरून गैरवापर होत असल्याची खात्री जास्त. आमच्या पत्त्याला बराच वर गुण होता आणि तक्रारी ताज्या होत्या, बहुतेक पासवर्ड चाचपण्याच्या. आमच्या घरात तसं काही चालू नव्हतं. पण त्या पत्त्यामागे आणखी किती घरं आहेत कोण जाणे, आणि त्यातल्या एखाद्याच्या कॅमेऱ्यात किंवा स्वस्त टीव्ही बॉक्समध्ये व्हायरस असला तर डाग सगळ्यांना लागतो. चाळीत एकाने नळ उघडा ठेवला की सगळ्यांचंच पाणी जातं, तसा हा प्रकार. आईला राउटर बंद करून थोड्या वेळाने चालू करायला सांगितलं, पत्ता बदलला आणि लॉगिन झालं. पण हा तात्पुरता इलाज. नंतर ब्रॉडबँडवाल्याकडून वर्षाचे जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतला. देण्याआधी तो पत्ता कुठला ते विचारलं आणि त्याचाही गुण तपासला, कारण आधीच्या ग्राहकाचा इतिहास पत्त्याला चिकटलेला असतो.

अशी तपासणी करताना स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत आपला पत्ता दिसला तर घाबरू नका. घरगुती पत्ते तिथे असणं नेहमीचं आहे. या पत्त्यावरून थेट मेल सर्व्हर चालवू नये एवढाच त्याचा अर्थ. त्याच संस्थेच्या एक्सबीएल यादीत दिसला तर मात्र त्या पत्त्यामागे व्हायरस लागलेलं उपकरण असण्याची शक्यता आहे. पत्ता फक्त आपल्याच घराचा असेल तर घरातलं एकेक उपकरण तपासावं.

सोप्या वाटेने जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. भारतातले घरगुती पत्ते विकणाऱ्या प्रॉक्सी सेवा मिळतात. त्यातले बरेच पत्ते अशा लोकांचे असतात ज्यांच्या फोनमध्ये एखादं फुकट अॅप शिरून त्यांची लाइन परस्पर भाड्याने देत असतं. पत्ता तासागणिक बदलतो, मागे कोण काय करून गेलं कळत नाही, आणि बँकेला एकाच खात्यात आज पाटणा आणि उद्या कोइंबतूर दिसतं. अशानेच खाती गोठवली जातात.

चालवताना सांभाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत. टेलस्केलची किल्ली मुळात १८० दिवसांनी संपते. नाशिकमधल्या पायची संपली तर तो नेटवर्कमधून गळतो आणि त्यावर पुन्हा लॉगिन करावं लागतं, जे दुरून करणं जिकिरीचं होतं. म्हणून टेलस्केलच्या पानावर त्या यंत्रापुढचं `Disable key expiry` पहिल्याच दिवशी निवडा. लाइट गेली की पायचं मेमरी कार्ड बिघडू शकतं, त्यामुळे पाय आणि राउटर दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवलेत. वायरगार्ड स्वतः लावणाऱ्यांनी `AllowedIPs` मध्ये `0.0.0.0/0` बरोबर `::/0` सुद्धा लिहावं, नाहीतर आयपीव्ही६ चं ट्रॅफिक बोगद्याबाहेरून जातं आणि बँकेला जर्मनी दिसते. काम चालू असताना एक्झिट नोड बंद-चालू करू नये. मधेच पत्ता बदलला की बँक सेशन तोडते, आणि पैसे पाठवायच्या पानावर ते झालं तर व्यवहार गेला की नाही हे आधी पासबुकात पाहूनच पुन्हा प्रयत्न करावा.

मोबाइल अॅपला या सोयीचा उपयोग झाला नाही. ते फोनचं लोकेशन मागतं आणि सिम पडताळतं, आणि या दोन्ही गोष्टी व्हीपीएनने बदलत नाहीत. ओटीपीसाठी भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवावंच लागतं. त्यामुळे बँकेचं काम मी फक्त लॅपटॉपवर करतो, आणि ते संपलं की एक्झिट नोड काढून टाकतो, म्हणजे आईच्या लाइनवर माझ्या बाकीच्या ट्रॅफिकचा भार पडत नाही.