उत्पादक कंपनी की सहकारी संस्था? संचालक चुकले तर विचारणार कोण, ते आधी बघा

दोन्हींची सुरुवात सारखीच होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली वेगवेगळ्या कुटुंबांतली दहा माणसं लागतात, कंपनी कायद्याखाली दहा उत्पादक. शेअर कितीही असोत, मत माणशी एकच. त्यामुळे कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन्ही एकच वाटतात. खरा फरक कळतो संचालक चुकायला लागल्यावर.

तीनशे सभासदांचा कांद्याचा गट धरा. तो सहकारी संस्था असेल तर पाच वर्षांनी समितीची निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली होते. तक्रार असेल तर उपनिबंधकाकडे जाता येतं, कलम 83 खाली चौकशी लागते, समिती बरखास्त होऊन प्रशासकही येऊ शकतो. सभासदाला हा मोठा आधार आहे. पण तोच अधिकार सरकारला संस्थेत हात घालायची वाटही करून देतो, हे विसरू नये.

कंपनीत बाहेरचं कुणी निवडणूक घ्यायला येत नाही. पाच ते पंधरा संचालक वार्षिक सभेतच निवडायचे. कंपनी निबंधक मुख्यतः विवरणपत्रं वेळेवर आली का ते पाहतो, कांद्याचा भाव कुणी ठरवला हे नाही. सगळी भिस्त सभेवर. सभेची लेखी सूचना किमान चौदा दिवस आधी मिळायला हवी आणि गणपूर्तीला एक चतुर्थांश सभासद, म्हणजे इथे 75 माणसं हवीत. एका कंपनीच्या नोंदवहीत सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच वळणाच्या मी पाहिल्या आहेत. तिथे सभा झालीच नव्हती. सुरुवातीचे दहाजण वर्षानुवर्षं संचालक राहतात ते असेच.

पैशाच्या वाटणीत मात्र मला कंपनी सरस वाटते. भागभांडवलावर मर्यादित परतावा आणि राखीव निधी बाजूला काढला की उरलेल्यातून ज्याने जितका माल दिला त्या प्रमाणात बोनस देता येतो. क्विंटलमागे 40 रुपये ठरले तर 200 क्विंटल देणाऱ्याला 8,000 रुपये मिळतील. माल व्यापाऱ्याला घालणाऱ्याला बोनस नाही. सहकारी संस्थेत नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत जातो आणि लाभांशाला 15 टक्क्यांची मर्यादा आहे. हजाराच्या शेअरवर फार तर 150 रुपये.

भांडवलाची अडचण दोघांनाही आहे, कारण शेअर उत्पादकांकडेच राहतात. नाशिकजवळच्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या उत्पादक कंपनीने 2022 मध्ये परदेशी गुंतवणूकदारांकडून सुमारे 310 कोटी रुपये उभे केले, तेही म्हणूनच उपकंपनीत.

सभासद विखुरलेले असतील, सभेला येणारे नसतील, तर मी सहकारी संस्थाच सुचवेन. कंपनीच्या वाटेने जाणार असाल तर अभ्यासदौऱ्यात सभासद नोंदवही, गेल्या तीन सभांची इतिवृत्तं आणि सभासद नसलेला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी, एवढं स्वतः पाहून या. तो अधिकारी कायद्याने सक्तीचा आहे.