डिश अँटेनासाठी घरमालकाला पत्र : गच्ची मागावी की गॅलरी?

‘डिश बसवायला परवानगी द्यावी ही विनंती’ एवढ्या एका ओळीच्या पत्राला घरमालक बहुधा ‘बसवा की’ म्हणतो. भांडण पुढे होतं, टेक्निशियनने स्लॅबला चार छिद्रं पाडल्यावर आणि जुलैत वरच्या खोलीच्या छताला ओल आल्यावर. म्हणून पत्रात जागा, छिद्रं आणि केबलचा मार्ग लिहायलाच हवा. त्यासाठी आधी ठरवावं लागतं की मागायचं काय, गच्चीचा कोपरा की आपल्याच गॅलरीचं ग्रिल.

एक उदाहरण घेऊ. कोल्हापूरच्या राजारामपुरीत तळमजला अधिक दोन अशी इमारत आहे. मालक तळमजल्यावर, आपण पहिल्या मजल्यावर आणि दुसऱ्या मजल्यावर आणखी एक भाडेकरू. फ्री डिश लावायची आहे.

गॅलरीचं पत्र सोपं वाटतं, कारण गॅलरी आपल्या ताब्यात असते. पण परवानगी मालक देतो, सिग्नल दिशा देते. फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. कोल्हापुरातून तो आग्नेयेला, होकायंत्रावर साधारण 129 अंशांवर आणि क्षितिजापासून 60 अंश उंचीवर येतो. टाटा प्लेचा 83 अंशांचा उपग्रह दक्षिणेकडे सरकलेला आणि जास्त उंच, सुमारे 68 अंशांवर. एअरटेलचा 108.2 अंशांचा पूर्वेकडे झुकलेला आणि 47 अंशांवर. तिघेही पूर्व ते दक्षिण या पट्ट्यात आहेत. गॅलरी पश्चिमेला किंवा उत्तरेला उघडत असेल तर ते पत्र लिहूच नका.

गॅलरी पूर्वेला किंवा दक्षिणेला असली तरी डोक्यावरचा स्लॅब आडवा येतो. डिशच्या मध्यापासून वरचा स्लॅब दीड मीटर उंच आहे असं धरा. 60 अंशांची नजर स्लॅबच्या पातळीला पोचेपर्यंत फक्त 87 सेंटिमीटर पुढे गेलेली असते. म्हणजे उपग्रहाच्या दिशेने मोजल्यावर वरच्या गॅलरीची कड डिशपासून त्याहून कमी अंतरावर संपली पाहिजे, आणि डिशचा व्यास धरून आणखी थोडी अलीकडे. 68 अंशांना हे अंतर 60 सेंटिमीटरवर येतं, तर 47 अंशांना तब्बल 1.4 मीटर मिळतं. एकाच गॅलरीत एका कंपनीची डिश चालते आणि दुसरीची चालत नाही, त्याचं कारण हेच. अंतर पुरत नसेल तर डिश ग्रिलच्या बाहेर काढावी लागते. मग ती रस्त्यावर लोंबकळते आणि मालकाचा नकार रास्त ठरतो.

ग्रिलची दुसरी अडचण वाऱ्याची. 60 सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. दीड अंश हलली तरी सिग्नल निम्म्यावर येतो. पातळ पट्ट्यांचं ग्रिल पावसाळी वाऱ्यात तेवढं सहज हलतं. ओळखायची खूण सोपी आहे. मुसळधार पावसात चित्र जाऊन पाऊस ओसरताच परत येत असेल तर तो पावसाचा परिणाम, त्याला इलाज नाही. कोरड्या वाऱ्यातही चित्र तुटत असेल तर पकड ढिली आहे.

गच्चीवर आकाश मोकळं मिळतं, पण तिथे मालकाचा जीव वॉटरप्रूफिंगमध्ये अडकलेला असतो, आणि त्याचं बरोबरच आहे. अँकर बोल्टसाठी पाडलेलं छिद्र कोबा फोडून स्लॅबमध्ये जातं. वर सिलिकॉन लावलं तरी ते उन्हाने सुटतं. पाणी कोब्याखाली पसरून भलत्याच ठिकाणी उतरतं, त्यामुळे गळती नेमकी कुठली हे सापडत नाही. यावर उपाय म्हणजे छिद्र न पाडता वजनावर उभी केलेली डिश. ताशी 90 किलोमीटर वाऱ्यात एवढ्या डिशवर सुमारे 14 किलोचा रेटा येतो. डिशचा मध्य अर्धा मीटर उंच आणि पाया दोन फूट बाय दोन फूट असेल तर ती उलटू नये यासाठी हिशेबाने 23 किलो पुरतात, सरकू नये यासाठी 28. म्हणून दुप्पट धरून 60 किलो ठेवा. एवढ्या वजनाने स्लॅबला काही होत नाही.

आमचा कौल गच्चीच्या पत्राला. अपवाद कौलारू घराचा, कारण तिथे गच्चीच नसते. तिथे आग्नेयेकडे उघड्या असलेल्या पक्क्या भिंतीवरचा ब्रॅकेट मागावा. ग्रिल तेव्हाही नको. वरच्या उदाहरणासाठी पत्राचा मजकूर असा :

विषय : गच्चीवर डिश अँटेना ठेवणे व केबल खाली आणणे यासाठी परवानगीबाबत

आदरणीय काका, सा. न. वि. वि.

आपल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मी भाडेकराराने राहतो. गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीपासून दूर, 60 सेंटिमीटरची एक डिश ठेवायची आहे. स्लॅबला व कठड्याला एकही छिद्र पाडणार नाही. डिश दोन फूट बाय दोन फूट लोखंडी चौकटीवर बसवून त्यावर 60 किलोचे सिमेंटचे ठोकळे ठेवीन आणि चौकटीखाली रबर घालीन. पन्हळीची वाट अडणार नाही. काळी केबल मागच्या भिंतीवरून, सांडपाण्याच्या पाइपला पट्ट्यांनी बांधून खाली येईल. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोरून जाणार नाही. माझ्या हॉलच्या खिडकीशेजारी 10 मिलिमीटरचे एकच छिद्र लागेल. खोली सोडताना सर्व काढून छिद्र बुजवून रंग देईन. या कामामुळे नुकसान झाल्यास भरून देईन. काम आपल्या सोयीच्या दिवशी, आपल्यासमोर करू. संमती असल्यास खाली सही व तारीख द्यावी, ही विनंती.

गॅलरीचं पत्र पाठवायचंच असेल तर गच्ची, ठोकळे, पन्हळ आणि पाइप यांबद्दलची वाक्यं काढा. त्याजागी डिश ग्रिलबाहेर किती इंच येणार आणि ग्रिलला वेल्डिंग न करता फक्त क्लँप लावणार, हे लिहा.

केबलचा हिशेब सही मागण्याआधीच करून ठेवा. इथे गच्चीवर 6 मीटर, कठडा चढून-उतरून 3, खाली 5, घरात 4, म्हणजे 18 मीटर होतात. आरजी-6 केबल 20 मीटर घ्या. एवढ्या लांबीत सिग्नल फारसा कमी होत नाही. ही केबल सुमारे 7 मिलिमीटर जाड असते. कनेक्टर केबल ओढून झाल्यावर लावला तर 10 मिलिमीटरचं छिद्र पुरतं, आधी लावला तर अडकतं आणि टेक्निशियन ते मोठं करतो. छिद्राचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा द्या. पाणी त्या वळशावरून टपकून जातं, नाहीतर ते केबलवरून सरळ भिंतीत येतं.

इमारत सोसायटीची असेल तर गच्ची सामाईक असते आणि एकट्या मालकाची सही पुरत नाही. अशा वेळी हेच पत्र मालकामार्फत सोसायटीच्या सचिवांकडे पाठवावं. स्वतंत्र घरात मालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओके’ म्हटलं तरी कागदावर सही घ्या, कारण बहुतेक भाडेकरारांत ‘लेखी संमतीशिवाय फेरबदल करू नये’ अशी अट असते. दोन प्रती काढा. सही केलेली एक भाडेकराराला जोडा, दुसरी मालकाकडे राहू द्या.