फोन डब्यात ठेवून घेतलेली तपासणी: डिजिटल प्रायव्हसीच्या कोर्सचा सात महिन्यांचा अनुभव

जुलैमध्ये एका मित्राने त्याच्या कॉलेजात वापरलेला आठ आठवड्यांचा आराखडा मला पाठवला. आठवड्याला एक तास बोलायचं, एक कृती करून घ्यायची आणि शेवटी प्रत्येकाने आपल्याच खात्यांची तपासणी करायची. मालवण-देवगड पट्ट्यातल्या आमच्या कॉलेजात फेब्रुवारीपर्यंत त्याच्या दोन बॅच झाल्या. कुणी हा आराखडा वापरायचा म्हणत असेल, तर जरूर वापरा. फक्त शेवटची तपासणी आहे तशी घेऊ नका.

ॲपच्या परवानग्यांचा आठवडा ठीक आहे, मुलांना मजा येते. सोशल मीडियाचा आठवडा मला पोकळ वाटला. जे सांगायचं ते मुलांना आधीच माहीत असतं. आराखड्याचा जीव आहे तिसऱ्या आठवड्यात. त्यात एक कोरा कागद घ्यायचा, आपली सगळी खाती गोल करून मांडायची आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारायचा: पासवर्ड विसरलो तर हे मला कोण उघडून देईल? उत्तराकडे बाण काढायचा. इन्स्टाग्रामचा बाण जीमेलकडे जातो, शॉपिंग ॲपचा जीमेलकडे, नोट्सच्या ड्राइव्हचा जीमेलकडे. शेवटी जीमेलचा बाण काढायचा. तो जवळपास प्रत्येकाच्या कागदावर एका मोबाइल नंबरकडे जातो, आणि तो नंबर कुणाचा हे सांगताना वर्गातला अर्धा आवाज खाली बसतो.

कारण साधं आहे. ही मुलं २०२० मध्ये आठवी-नववीत होती. ऑनलाइन शाळेसाठी घाईघाईत खाती उघडली, घरात जो फोन होता त्याचा नंबर टाकला. आमच्याकडे बाप बोटीवर, भाऊ मुंबईत, एका घरात चार सिम आणि त्यातली दोन कायम रिचार्जविना. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही आणि त्यात वीस रुपयांपेक्षा कमी बॅलन्स असेल, तर कंपनी ते बंद करू शकते. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस बाजूला ठेवतात. नंतर तो दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. खात्याला यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी तो नंबर अजून तुमचाच.

आराखड्यातल्या शेवटच्या तपासणीत हो-नाहीचे चाळीस प्रश्न आहेत. ‘रिकव्हरी नंबर टाकला आहे का?’ पहिल्या बॅचमध्ये सगळ्यांनी ‘हो’वर टिक केली आणि सगळे पास झाले. खोटं कुणीच बोललं नव्हतं. नंबर होताच, फक्त तो कुणाच्या खिशात आहे हे प्रश्नाने विचारलं नव्हतं.

म्हणून दुसऱ्या बॅचला मी पद्धत बदलली. फोन बंद करून पत्र्याच्या डब्यात टाकायचे. लॅबच्या कॉम्प्युटरवर इन्कॉग्निटो खिडकी उघडून स्वतःच्या जीमेलचा पत्ता लिहायचा आणि `Forgot password?` दाबायचं. गूगल जो नंबर सुचवतं त्याचे शेवटचे दोन आकडेच दिसतात. ते वाचायचे आणि तिथेच थांबायचं. कोड मागवायचा नाही, कारण नंबर परक्याचा असेल तर कोड त्याच्याकडे जाईल. एका वेळी चार-पाच जणांनाच बसवा. मी आधी सगळ्यांना एकदम बसवलं, तर एकाच कनेक्शनवरून इतक्या खटपटी पाहून निम्म्यांना पडताळणीच्या चित्रांनी छळलं.

एक मुलगी पडद्याकडे बघत राहिली. शेवटचे आकडे तिच्या नंबरचे नव्हते. घरी वडिलांना विचारून आली: रत्नागिरीच्या बोटीवर होते तेव्हा घेतलेलं दुसरं सिम, काम सुटल्यावर रिचार्ज केलंच नाही. तो नंबर तिने सेव्ह करून व्हॉट्सॲपवर उघडला, तर फेटा बांधलेल्या एका गृहस्थांचा लग्नातला फोटो. मला दाखवत म्हणाली, “सर, नंबर बाबांचो, पण हो माणूस कोण?” तो माणूस बिचारा निर्दोष. पण त्याच्या हातातल्या फोनवर तिच्या खात्याचा कोड येऊ शकत होता.

नशिबाने तिच्या स्वतःच्या फोनवर खातं उघडं होतं, त्यामुळे दुरुस्ती तिथूनच झाली. यात दोन फसगती आहेत, आराखड्यात त्यांचा शब्दही नाही. पहिली ही की नंबर एका जागी नसतो. तिने रिकव्हरीतून तो काढला आणि झालं म्हणाली. दोन टप्प्यांच्या पडताळणीच्या पानावर तोच नंबर वेगळा बसला होता. दोन्हीकडून काढावा लागतो. दुसरी फसगत वेळेची. रिकव्हरी नंबर बदलल्यावरही गूगल सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. खातं चोरणाऱ्याने नंबर बदलला तर मूळ मालकाला परत येता यावं म्हणून ही सोय आहे, आमच्या बाबतीत ती उलटी पडते. त्या आठवड्यात रोज एकदा सिक्युरिटीच्या पानावर जाऊन अनोळखी हालचाल दिसते का, एवढं बघायला तिला सांगितलं. काही दिसलं नाही.

पावसाळ्याबद्दलही लिहितो, कारण आराखडा लिहिणाऱ्याने आमचा जुलै पाहिलेला नाही. लॅबची ब्रॉडबँड लाइन चालू, मोबाइलची रेंज गायब, आणि एसएमएसने येणारा ओटीपी वाऱ्यावर. ऑथेंटिकेटर ॲपला मात्र रेंज लागत नाही. सुरुवातीला दिलेली गुप्त किल्ली आणि फोनचं घड्याळ यांवरून ते दर तीस सेकंदांनी सहा आकडे स्वतःच काढतं. एका मुलाचे आकडे सारखे नाकारले जात होते. बघितलं तर गेमसाठी त्याने फोनची वेळ हाताने पुढे केली होती. वेळ आपोआप वर लावली आणि चाललं. लॅबच्या मशीनवर कोड टाकताना `Don't ask again on this device` समोरची खूण काढायला विसरू नका, ती आधीच केलेली असते.

एक तक्रार मात्र गंभीर आहे. तपासणीचा पुरावा म्हणून मुलांनी सेटिंग्जचे स्क्रीनशॉट शिक्षकाला द्यायचे, असं आराखडा सांगतो. पहिल्या बॅचनंतर माझ्या फोनमध्ये सव्वीस पोरांचे नंबर, दुसरे ईमेल आणि कोणता फोन कुठे लॉगिन आहे ते सगळं जमा झालं. प्रायव्हसीच्या कोर्सचे मास्तर आणि हा साठा! रात्री बसून सगळं पुसलं. आता मुलं फक्त एक ओळ लिहून देतात: किती बाण तुटके सापडले, किती जोडले. कागद त्यांच्याकडेच राहतो.

डब्याच्या तपासणीत पास व्हायचं तर नुसते आकडे वाचून भागत नाही, त्यानंतर नेहमीसारखं लॉगिन करून फोनशिवाय आत जाता आलं पाहिजे. त्यासाठी बॅकअप कोड लागतात. गूगल आठ आकड्यांचे दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते फोनमध्ये फोटो काढून ठेवणारे निघालेच. फोन डब्यात गेल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. आम्ही हाताने लिहायला लावले. झेरॉक्सच्या दुकानात छापले असते तर तिथल्या कॉम्प्युटरवर फाइल राहिली असती.

जानेवारीत एकाचा फोन कालवं काढताना खाडीत गेला. नवीन सिम हातात यायला वेळ लागला आणि दरम्यान प्रोजेक्ट ड्राइव्हमध्ये अडकलेला. त्याच्या आईने रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटातून कागद काढून दिला. लॅबमध्ये येऊन त्याने पहिला कोड टाकला, आत गेला, आणि माझंच पेन मागून तो आकडा खोडला. नऊ उरले.